‘पैसे कुठे लावणार?’ : स्टार्टअपच्या तक्त्यातला हिशोब

गुंतवणूकदारापुढे मांडणी करताना आपली मुलं निधीच्या वापराचा तक्ता दाखवतात, पण त्यातले टक्के बहुधा अंदाजाने टाकलेले असतात. आम्ही एक कल्पित उदाहरण घेऊ. शाळेच्या व्हॅनचा ठावठिकाणा पालकांना दाखवणारं ॲप आहे, 60 लाख हवेत आणि ते 18 महिने पुरवायचेत. अ‍ॅप बनवायला 40 टक्के, शाळा जोडायला 30, कार्यालय नि पगाराला 20, राखीव 10.

पहिला आकडा जुळतो. दोन डेव्हलपर, प्रत्येकी महिना 60 हजार, म्हणजे 18 महिन्यांत 21 लाख 60 हजार. उरलेले 2 लाख 40 हजार सर्व्हरला.

गडबड दुसऱ्यात आहे. आज 20 शाळा आहेत, आणि टप्पा लिहिलाय 300 शाळांचा. एक शाळा जोडायला आतापर्यंत 12 हजार खर्च आलाय. मग 18 लाखांत 150 च शाळा येतील, एकूण 170. समोरचा माणूस हा भागाकार तिथल्या तिथे करतो! टप्पा 170 वर आणा, नाहीतर खर्च कमी कसा होणार ते दाखवा.

अजून एक. पुढचा निधी उभा करायला कित्येक महिने जातात. म्हणून मुख्य टप्पा अठराव्या नव्हे, बाराव्या महिन्याच्या आसपास ठेवावा, तोवर हातात पैसा असतो. आणि संस्थापकाचं जुनं कर्ज फेडण्याची ओळ तक्त्यात घालू नये. नवा पैसा मागच्या खर्चात गेलेला कुणालाच आवडत नाही.