काळजीचा हिशेब

वृद्ध आईवडिलांचा सांभाळ कोणी करावा, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने ही जबाबदारी मुलगा आणि मुलगी या दोघांवर टाकली. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने ती परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू केली आणि निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये ठरविली. परंतु कायदा रुपये मोजतो, जागून काढलेल्या रात्री मोजत नाही. आणि भावंडांत तेढ पडते ती नेमकी या न मोजलेल्या रात्रींवरून.

एक कल्पित पण घरोघरी आढळणारे उदाहरण घेऊ. ब्याऐंशी वर्षांची आई पुण्यात राहते. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली आहे. थोरला मुलगा कॅलिफोर्नियात, धाकटा नाशकात, आणि नोकरी करणारी मुलगी आईजवळ. दिवसाच्या बारा तासांसाठी ठेवलेल्या बाईंचे महिन्याचे 24,000 रुपये. औषधे व व्यायामोपचार यांचे 11,000. हे सारे 35,000 रुपये थोरला नियमाने पाठवितो, आणि ‘सगळा खर्च मीच करतो’ असे प्रामाणिकपणे मानतो.

आता दुसरी बाजू पाहू. रात्री नऊ ते सकाळी नऊ आईजवळ मुलगी असते. महिन्याचे हे 360 तास झाले. बाईंच्या चार सुट्ट्यांपैकी दोन धाकटा नाशकाहून येऊन निभावतो; उरलेल्या दोन दिवसांचे 24 तास बहिणीकडे. इस्पितळ, बँक, विम्याचे कागद यांत आणखी 16. एकूण 400 तास, म्हणजे कचेरीच्या महिन्याभराच्या कामाच्या दुप्पट. त्यातले काही तास झोपेचे असतील. पण आईला रात्रीतून दोनदा उठवून नेणाऱ्या माणसाची झोप कान उघडे ठेवूनच होते. हेच रात्रीचे काम पगारी बाईंकडून करून घेतले, तर आणखी 24,000 रुपये लागतील. म्हणजे थोरला ज्याला ‘सगळा खर्च’ म्हणतो, तो वास्तविक निम्म्याहून थोडा अधिक आहे. उरलेला खर्च बहीण आपल्या देहाने फेडते आहे, आणि त्याची नोंद कोणाच्याच वहीत नाही.

ही नोंद नसली की तिची जागा टोमणे घेतात. भावाने खर्चाचा तपशील विचारला की बहिणीला तो अविश्वास वाटतो. तिने दमल्याचे सांगितले की त्याला ती पैशांची मागणी वाटते. पुढे ती आईचे पडणे-झडणेही त्याला कळवीनाशी होते. ‘तिकडे बसून त्याला काय कळणार’ हे वाक्य घरात रुळले, की दुरावा मुरला असे समजावे.

त्यावर उपाय आहे, पण तो नुसती रक्कम वाढविण्याचा नव्हे. आधी तिघांनी मिळून एका महिन्याचे तास व रुपये एकाच कागदावर मांडावेत. मग पंधरा रात्रींसाठी बाई ठेवून त्यांचे 12,000 रुपये धाकट्याने द्यावेत. बहिणीचे 180 तास तिथेच कमी होतात. खर्चासाठी वेगळे खाते असावे व त्याच्या नोंदी तिघांनाही दिसाव्यात, म्हणजे हिशेब मागण्याची वेळच येणार नाही. विम्याचे दावे, औषधांची मागणी, वीजबिल ही कामे हल्ली कॅलिफोर्नियातूनही होतात. शिवाय इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिथे दुपार असते. बाईंच्या पाळीच्या रात्री काही अडचण आली, तर पहिला फोन थोरल्याने घ्यावा. बहिणीला उठवायचे की नाही, ते त्याने ठरवावे.

आणि त्याने वर्षातून तीन आठवडे यावे, ते पाहुणा म्हणून नव्हे. त्या काळात बहिणीने घराबाहेर पडावे आणि रात्री त्याने काढाव्यात. एरवी अशा भेटींत निराळेच घडते. दुरून आलेले अपत्य डॉक्टर बदलू पाहते, सर्वांनी विचारांती ठरविलेले उपचार मोडीत काढते. 1991 मध्ये वृद्धोपचाराच्या एका अमेरिकी नियतकालिकात डॉक्टरांनी या प्रकाराला ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ असेच नाव दिले होते. दूर राहिल्याची टोचणी अशा वेळी अधिकाराचे रूप घेते. चार रात्री स्वतः जागलेला माणूस डॉक्टर बदलण्याआधी बहिणीला विचारतो.

या वाटणीलाही मर्यादा आहे. रात्री परक्या बाईंचा हात आईला नकोसा वाटू शकतो. म्हणून कागद मांडण्यापूर्वी तिला विचारले पाहिजे. आणि बाई हजर असूनही आईने मध्यरात्री हाक मारली ती मुलीलाच, तर ती हाक कोणाला वाटून देता येत नाही. निदान तिचे मोल भावांना ठाऊक असावे.