माफी मागितली, पुढे काय?

अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणारे थॉमस नाइसली १९९४ साली जुळ्या मूळसंख्यांवर काम करत होते. इंटेलच्या नव्याकोऱ्या पेंटियम चिपवर काही भागाकार चुकतायत, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे एक उदाहरण फार गाजलं. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागलं की उत्तर १.३३३८ यायला हवं, त्या चिपवर ते १.३३३७ यायचं. चिपच्या आत भागाकारासाठी एक तक्ता असतो, त्यातल्या काही नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या.

इंटेलने दिलेलं उत्तर हिशोबाचं होतं. साधं कामकाज करणाऱ्याला ही चूक सरासरी २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, म्हणून काळजीचं कारण नाही, असं कंपनीने सांगितलं. ज्यांना खरोखर गुंतागुंतीची आकडेमोड करावी लागते, त्यांनी तशी गरज दाखवून द्यावी, त्यांनाच चिप बदलून मिळेल. लोक भडकले. १२ डिसेंबरला आयबीएमने त्या चिपचे संगणक पाठवणं थांबवलं. २० डिसेंबरला इंटेलने माफी मागितली आणि कुणालाही, काहीही न विचारता, चिप फुकट बदलून देण्याचं जाहीर केलं. त्यासाठी कंपनीला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. घरगुती वापर करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी प्रत्यक्षात चिप बदलून घेतली. बहुतेकांना चौथ्या दशांश स्थळाशी देणंघेणं नव्हतंच. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू सदोष आहे हे मान्य व्हावं आणि तिच्यासाठी आपल्याला कुणापुढे पुरावा घेऊन उभं राहावं लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

असंतुष्ट ग्राहकाला उत्तर कसं द्यावं, याची सूत्रं मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना अक्षरशः पाठ करून घेतात. स्टारबक्स या कॉफीच्या साखळीत ‘लाटे’ नावाचं सूत्र शिकवलं जातं. आधी ऐकून घ्या, मग अडचण मान्य करा, ती सोडवण्यासाठी काहीतरी करा, सांगितल्याबद्दल आभार माना आणि सगळ्यांत शेवटी ती का उद्भवली ते समजावून सांगा. यात सर्वांत मोलाचा आहे तो क्रम. कारण सांगणं शेवटी येतं. आपल्याकडच्या बहुतेक उत्तरांत ते पहिल्या ओळीत येतं. ‘आमच्याकडून इतके नग गेले, कुणाची तक्रार नाही’, ‘व्होल्टेज कमी-जास्त होत असेल’, ‘तुम्ही नीट वापरलं नसेल’. यातलं एखादं कारण खरंही असेल, पण समोरच्याला त्या क्षणी ते आरोपासारखं ऐकू येतं.

सूत्राचा उलटा धोकाही आहे. नुसतीच सहानुभूती वाटत बसलं तर ग्राहक आणखी चिडतो. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०१८ साली एका अभ्यासाची माहिती आली होती. संशोधकांनी विमानतळावर प्रवासी आणि कर्मचारी यांच्यात झालेल्या, चित्रित केलेल्या संवादांचा बारकाईने अभ्यास केला. पहिल्या सात सेकंदांनंतरही माफीच मागत राहिलं तर ती अंगावर उलटू शकते, असं त्यांना दिसलं. कर्मचारी आपल्यासाठी मार्ग शोधायला किती धडपडतोय, याचं प्रवाशांना जास्त समाधान वाटत होतं. म्हणजे सहानुभूतीचं वाक्य हवंच, पण एक-दोनच, आणि तिच्या पाठोपाठ लगेच उपाय.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते एका कल्पित पण रोजच्या प्रसंगावरून पाहू. सांगलीतलं एक भांड्यांचं आणि घरगुती उपकरणांचं दुकान. तिथून मिक्सर नेलेल्या एका ताईंचा व्हॉट्सअॅपवर निरोप येतो:

‘दिवाळीत तुमच्याकडून मिक्सर घेतला. पंधरा दिवसांत मोठ्या भांड्याच्या बुडातून पाणी गळायला लागलं. सर्व्हिस सेंटरच्या दोन चकरा झाल्या, वॉशर बदलला म्हणाले. काल परत गळलं आणि जळका वास आला. घरात पाहुणे, वाटण पाट्यावर करावं लागलं. मला पैसे परत हवेत.’

सवयीने जाणारं उत्तर सगळ्यांनाच तोंडपाठ आहे: ‘आपली गैरसोय झाली असल्यास क्षमस्व. आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. कृपया कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधावा.’ यातला ‘असल्यास’ हा शब्द सगळ्यांत जास्त नुकसान करतो. ताईंनी काय काय झालं ते सविस्तर लिहिलंय आणि दुकानदार ते झालं की नाही याबद्दलच शंका घेतो. ‘नोंदवण्यात आली आहे’ यातून कुणी नोंदवली, पुढे कोण काय करणार, काहीच कळत नाही. आणि शेवटचं वाक्य तर त्यांना तिसऱ्या चकरेला पाठवतं.

आता दुसरं उत्तर:

‘नमस्कार ताई. आधी मिक्सरचा प्लग काढून ठेवा आणि आता तो लावू नका, गळलेलं पाणी मोटरपर्यंत गेलेलं असू शकतं. नवा मिक्सर, त्यासाठी तुम्हाला दोन चकरा पडल्या आणि ऐन पाहुण्यांच्या गर्दीत पाट्यावर वाटण करावं लागलं. याबद्दल मी तुमची माफी मागतो. उद्या, मंगळवारी, अकरा ते एकच्या दरम्यान आमचा माणूस येऊन मिक्सर घेऊन जाईल. तुम्ही म्हटल्याप्रमाणे बिलाचे पूर्ण ४,२०० रुपये उद्या संध्याकाळी सहापर्यंत तुमच्या खात्यावर जमा करतो. त्याऐवजी याच मॉडेलचा नवा मिक्सर हवा असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा, तो माणूस सोबत आणेल आणि भांड्यात पाणी घालून तुमच्यासमोर चालवून दाखवेल. कंपनीशी मी बोलतो, तुम्ही कुठे जायचं नाही. काही लागलं तर याच नंबरवर थेट मला फोन करा.’

पहिलं वाक्य माफीचं नाही, हे मुद्दाम. मिक्सरच्या भांड्याच्या बुडाशी पात्याचा दांडा एका बुशमधून खाली येतो. तिथला बुश किंवा वॉशर झिजला, नीट बसला नाही, की पाणी दांड्यावरून झिरपून खालच्या कपलरवर आणि तिथून मोटरपर्यंत उतरतं. त्यात जळका वास आला असेल तर विजेचा धोका आहे. वीज, गॅस, खाण्याचा पदार्थ, लहान मुलाची वस्तू अशा तक्रारींत ‘वापरणं थांबवा’ हे सगळ्यांत आधी सांगायचं. माफी दोन ओळी उशिरा आली तरी चालते.

सहानुभूतीचं वाक्य कुठून आलं, तेही पाहण्यासारखं आहे. चकरा, पाहुणे, पाटा, हे सगळं ताईंच्याच निरोपातलं. ‘तुमच्या भावना आम्ही समजू शकतो’ हे वाक्य कुठल्याही ग्राहकाला पाठवता येतं, म्हणूनच ते कुणाला लागत नाही. एक सोपी परीक्षा करता येते. लिहिलेलं वाक्य दुसऱ्या तक्रारीच्या उत्तरात जसंच्या तसं बसत असेल तर ते खोडायचं आणि निरोप पुन्हा वाचायचा. माफीनंतर ‘पण’ येऊ द्यायचा नाही, कारण त्या ‘पण’ने आधीचं सगळं पुसलं जातं.

उपायात वार, वेळ, रक्कम आणि जबाबदार माणूस या चारही गोष्टी आहेत. ताईंनी पैसे मागितले होते, म्हणून पैसे आधी आणि नवा मिक्सर पर्याय म्हणून. पुष्कळ दुकानदार इथे हात आखडतात आणि पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ करतात. ज्या दुकानावर विश्वास डळमळलाय, तिथूनच पुन्हा काहीतरी विकत घ्या असं सांगणं हा उपाय होत नाही.

अडचण येते ती दुकानदाराच्या हातात सगळं नसतं तेव्हा. कंपनी माल परत घेईल की नाही, हे त्याला माहीत नसेल, तर ‘नक्की बदलून देतो’ असं लिहिणं घातक आहे. अशा वेळी जे आपल्या हातात आहे तेवढंच पक्कं सांगायचं: ‘बुधवारी पाचपर्यंत कंपनीचं उत्तर मी तुम्हाला कळवतो. त्यांचं उत्तर आलं नाही, तरी मी फोन करतो.’ आणि तो फोन करायचाच. दोष कुणाचा हेच स्पष्ट नसेल तर फोटो किंवा छोटा व्हिडिओ मागायला हरकत नाही, पण काय काय हवं ते एकाच निरोपात. आज बिल, उद्या फोटो, परवा सिरियल नंबर असं केलं की ग्राहकाला टोलवाटोलवीच वाटते. तपासणीत वापरातली चूक निघाली तर तीही आडपडदा न ठेवता सांगावी, सोबत दुरुस्तीचा खर्च आणि दिवस सांगावा.

माफी मागितली तर कायद्याने आपण अडकू, ही भीती अनेकांना वाटते. खरं तर कायद्याचा रोख दुसरीकडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत छापलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीमागे सदोष मालाच्या बाबतीत लपता येत नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी २०२० चे नियम आणखी स्पष्ट आहेत. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं.

तक्रार उत्तम निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षाही पक्का होतो, असं व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितलं जातं. काही अभ्यासांत तसं आढळलंही आहे. मात्र त्याच ग्राहकाला दुसऱ्यांदा सदोष वस्तू मिळाली तर पहिल्या वेळची सारी पुण्याई संपते, हेही संशोधनात दिसलं आहे. म्हणून नवा मिक्सर देऊन काम संपत नाही. दुकानात खोका उघडायचा, भांड्यात पाणी भरून मशीन चालवायचं, बूड कोरडं आहे ना ते बोटाने पाहायचं आणि मगच तो सांगलीच्या त्या घरी पाठवायचा. दोन-तीन दिवसांनी एक फोन करून विचारायचं. परत आलेल्या भांड्यावर मॉडेल, बॅच नंबर आणि ‘वॉशर बदलूनही गळती’ एवढं लिहून ते कंपनीकडे धाडायचं. त्याच बॅचचे आणखी मिक्सर विकले गेले असतील तर बिलबुकातून ते ग्राहक शोधून, त्यांची तक्रार येण्याआधी, आपणच त्यांना फोन करावा.