शंभर संगणकांना १२८ पत्ते का?

नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमात सबनेटिंगचा सरावाचा कागद येतोच. वर पत्त्यांचा एक गट दिलेला असतो, समजा `192.168.10.0/24`. खाली मागण्या असतात: प्रयोगशाळेत १०० संगणक, कार्यालयात ५०, शिक्षकांच्या खोलीत २० आणि दोन राउटरना जोडणाऱ्या तारेसाठी २ पत्ते.

आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो. `/24` म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे. उरलेल्या ८ बिटांतून ० ते २५५ असे २५६ पत्ते मिळतात आणि तेच आपल्याला वाटायचे असतात. पण बिट अर्धा घेता येत नाही, म्हणून प्रत्येक वाटा २, ४, ८, १६ अशा दुपटीच्याच मापाचा निघतो. शिवाय वाट्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा सर्वांना एकदम निरोप धाडण्यासाठीचा. ते दोन वजा करावेच लागतात. त्यामुळे १०० संगणकांना ६४ चा वाटा अपुरा पडतो, १२८ चा घ्यावा लागतो आणि त्यात १२६ यंत्रे बसतात.

सर्वांत मोठी मागणी आधी घेतली की कागद असा भरतो:

```
lab     192.168.10.0/25    255.255.255.128  126
office  192.168.10.128/26  255.255.255.192   62
staff   192.168.10.192/27  255.255.255.224   30
link    192.168.10.224/30  255.255.255.252    2
```

२२८ ते २५५ हे २८ पत्ते पुढच्या वाढीसाठी शिल्लक राहतात.

खरी गोम क्रमात आहे. एखादा विद्यार्थी कार्यालयापासून सुरुवात करतो आणि त्याला ० ते ६३ देतो. मग लगेच पुढे प्रयोगशाळेला ६४ ते १९१. मोजणी बरोबर, १२८ पत्ते झाले. तरीही उत्तर चूक आहे, कारण यंत्र ही यादी वाचत नाही. ते आपला पत्ता आणि मास्क बिटागणिक ताडून पाहते:

```
 64 = 01000000
128 = 10000000
AND = 00000000
```

उत्तर ० आले. म्हणजे `192.168.10.65/25` हा पत्ता मिळालेला संगणक स्वतःला ० ते १२७ च्या नेटवर्कात समजतो. त्याच खोलीतला १३० क्रमांकाचा संगणक १२८ ते २५५ च्या नेटवर्कात जातो. दोघे एकाच स्विचला जोडलेले असूनही पहिला दुसऱ्याला थेट हाक मारत नाही, निरोप राउटरकडे पाठवतो. उलट कार्यालयातला २० क्रमांकाचा संगणक त्याला आपल्याच खोलीतला वाटतो, म्हणून तो थेट हाक मारत राहतो आणि उत्तर काही येत नाही. सिस्कोच्या राउटरवर असे दोन पत्ते दोन जोडण्यांना देऊ लागलो, तर तो `overlaps with` असे सांगून दुसरा नाकारतो.

ही चूक कागदावरच पकडता येते. वाट्याच्या सुरुवातीच्या पत्त्यातल्या शेवटच्या आकड्याला वाट्याच्या मापाने नि:शेष भाग गेला पाहिजे. ६४ ला १२८ ने जात नाही, १९२ ला ३२ ने जातो. कार्यालय आधीच ० वर बसवले असेल, तर प्रयोगशाळेला थेट १२८ वर न्यावे. मधल्या ६४ ते १२७ मध्ये शिक्षकांची खोली आणि राउटरची तार दोन्ही बसतात.