तालीम सुटली की पैलवानाचं अंग का सुटतं? स्नायूंची खरंच चरबी होते का?

पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव आणि आसपासची गावं. यात्रांचे दिवस आले की इकडे कुस्त्यांचा हगामा भरतो. आखाड्याभोवती बसलेल्या गर्दीत एखादा जुना पैलवान हमखास दिसतो. पाच-सात वर्षांपूर्वी याच मातीत कुस्त्या मारलेला. आता पोट पुढे आलेलं, दंड सैल पडलेले. शेजारचा म्हणतो, "तालीम सोडली ना, सगळ्या स्नायूंची चरबी झाली बघा."

हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की अनेक तरुण त्या भीतीनेच जिमची पायरी चढत नाहीत. "उद्या सोडावं लागलं तर अंग सुटेल" हे त्यांचं कारण असतं.

पैलवानाचं अंग सुटतं, हे खरं आहे. पण त्याच्या स्नायूंची चरबी झालेली नसते. त्याच्या शरीरात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात.

स्नायू आणि चरबी वेगळे कसे?

स्नायू लांब धाग्यांसारख्या पेशींचा बनलेला असतो. त्याच्या वजनातला सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी आणि साधारण पाचवा भाग प्रथिनं असतात. या प्रथिनांमुळेच स्नायू आखडतो आणि ताकद लावतो.

चरबीची पेशी म्हणजे तेलाने भरलेली गोल पिशवी. जास्तीची ऊर्जा साठवणं हे तिचं मुख्य काम. स्नायूची पेशी या पिशवीत बदलत नाही, तसंच व्यायाम केला म्हणून पिशवीचाही स्नायू होत नाही. "चरबीचे मसल करून देतो" हा दावाही त्यामुळे तितकाच चुकीचा आहे.

मेहनत थांबली की स्नायूंचं काय होतं?

शरीरात प्रथिनं रोज मोडतात आणि रोज नवी बनतात. जोर, बैठका, लढत चालू असते तेव्हा बनण्याचं पारडं जड राहतं. मेहनत थांबली की मोडणं जास्त आणि बनणं कमी होतं. स्नायूंचे धागे बारीक व्हायला लागतात, पण त्यांची संख्या फारशी घटत नाही.

मोडलेल्या प्रथिनांचे घटक रक्तात येतात. काही शरीर दुसरीकडे वापरतं, काही ऊर्जेसाठी जाळतं. त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो.

पहिल्या दोन आठवड्यांत दंड उतरलेला वाटतो, त्याचं कारण मात्र बरंचसं वेगळं असतं. सराव असलेल्या स्नायूत ग्लायकोजेन नावाची साखर जास्त साठलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. हा साठा कमी झाला की स्नायू आक्रसल्यासारखा दिसतो. दम लवकर कमी होतो, ताकद मात्र साधारण तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते. हात प्लास्टरमध्ये असेल किंवा माणूस अंथरुणाला खिळला असेल, तर घट खूपच वेगाने होते.

मग पोट कुठून येतं?

ताटातून. तालमीत सकाळ-संध्याकाळ घाम गाळणाऱ्या पैलवानाचा खुराक मोठा असतो. दूध, तूप, बदामाची थंडाई. म्हशीच्या एक लिटर दुधातच साधारण १,००० कॅलरी असतात. तालीम सुटते, पण भूक आणि सवय लगेच सुटत नाही.

अनेकांना वाटतं की स्नायू घटल्यामुळे शरीराचा ऊर्जेचा खर्चच एकदम खाली येतो. प्रत्यक्षात एक किलो स्नायू आराम करताना दिवसाला सुमारे १३ कॅलरीच खर्च करतो. तीन किलो स्नायू गेले तर फरक पडतो ४० कॅलरींचा, म्हणजे अर्ध्या चपातीपेक्षाही कमी. खरा मोठा फरक आखाड्यातली रोजची मेहनत बंद झाल्याने पडतो.

एक हिशोब करून पाहू. समजा, एका पैलवानाने तालीम सोडली आणि सहा महिन्यांत त्याचे ३ किलो स्नायू घटले, ९ किलो चरबी वाढली. काटा ६ किलो वाढ दाखवेल.

आता ३ किलो स्नायूंत प्रथिनं किती? साधारण ६०० ग्रॅम, म्हणजे २,४०० कॅलरी. यातली एकही कॅलरी वाया न जाता सगळ्याची चरबी झाली असं धरलं, तरी ती जेमतेम पाव किलोच्या आसपास भरते. मग उरलेली पावणेनऊ किलो आली कुठून?

एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. ९ किलोसाठी ६९,३००. सहा महिन्यांच्या १८० दिवसांत वाटल्या तर रोजच्या ३८५. म्हणजे गरजेपेक्षा रोज दोन पेले म्हशीचं दूध जास्त, तेही पेला २०० मिलिलिटरचा धरून. (प्रत्यक्षात वजन वाढेल तसा शरीराचा खर्चही थोडा वाढतो, त्यामुळे वाढ इतकी सरळ रेषेत होत नाही.)

ही ऊर्जा आधीच असलेल्या चरबीच्या पेशींत भरते आणि त्या फुगतात. वजन बराच काळ वाढत राहिलं तर नव्या पेशीही तयार होतात. पुढे वजन उतरवलं की पेशी लहान होतात, पण बहुतेक तिथेच राहतात.

मग स्नायूत चरबी दिसते, ती काय?

म्हातारपणी, खांद्याचा स्नायूबंध तुटल्यावर, नस दुखावल्यावर किंवा दीर्घकाळ हालचाल नसेल तर एमआरआयमध्ये स्नायूंच्या आत चरबी दिसते. ती मात्र धाग्यांच्या मधल्या जागेत असलेल्या वेगळ्या पेशींपासून तयार होते. धागा बारीक होतो आणि शेजारी चरबी वाढते. धाग्याची चरबी होत नाही.

ओळखायचं कसं, थांबवायचं कसं?

नुसता वजनकाटा फसवतो. वजन तेवढंच राहूनही स्नायू कमी आणि चरबी जास्त झालेली असू शकते. साधी शिंप्याची टेप घ्यावी आणि महिन्यातून एकदा कंबर, दंड आणि मांडी मोजावी. कंबर वाढतेय आणि मांडी कमी होतेय, तर दोन्ही बदल चालू आहेत. भारतीय पुरुषांसाठी कंबर ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

उपायही दोन आहेत, कारण बदल दोन आहेत. तालीम सुटली त्याच आठवड्यात खुराक उतरवायचा, आधी दूध-तूप-थंडाई. आणि मेहनत पूर्ण बंद करायची नाही. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांनी १६ आठवडे आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलली. नंतर काहींचा व्यायाम नवव्या हिश्श्यावर आणला, म्हणजे आठवड्यातून एक दिवस आणि प्रत्येक प्रकाराचा एकच सेट. तरुणांच्या स्नायूंचा आकार पुढचे ३२ आठवडे टिकला. साठीपुढच्यांचा मात्र टिकला नाही. त्यांना जास्त सराव लागतो.

आणि ज्यांचं अंग आधीच सुटलंय, त्यांच्यासाठी एक गोष्ट कामाची आहे. एकदा कमावलेले स्नायू परत मिळवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. हगाम्यात कडेला बसलेल्या त्या जुन्या पैलवानाच्या दंडातले धागे बारीक झालेत, पण बहुतेक अजून तिथेच आहेत.