स्नेहसंमेलनाचे फोटो कुठे जातात?

स्नेहसंमेलन उरकलं की दोन-चार दिवसांत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येते. उघडली की गूगल ड्राइव्हमध्ये सगळ्या शाळेचे फोटो. प्रत्येक घरात आपलं पोर शोधण्याची झुंबड उडते. समजा, तिसरीतल्या एका मुलीच्या आईने तीच लिंक शेजारणीच्या फोनवर उघडून पाहिली. शेजारणीचा शाळेशी काही संबंध नाही, तरी फोटो उघडले. मुख्याध्यापिकांना पत्र लिहायचं तिने तेव्हाच ठरवलं.

असं होतं, कारण लिंक देताना बहुतेक वेळा "Anyone with the link" हा पर्याय निवडलेला असतो. ग्रुपमधल्या दोनशे जणांना वेगवेगळी परवानगी देण्यापेक्षा ते सोपं पडतं. मात्र मग ती लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला सगळे फोटो दिसतात. तपासायला एक मिनिट पुरतं: ब्राउझरच्या "Incognito" खिडकीत, कुठल्याही खात्यात लॉगिन न करता लिंक उघडायची. फोटो दिसले, तर दार सताड उघडं आहे.

ड्राइव्हवर बहुधा मूळ फाइल जशीच्या तशी राहते. मोबाइलने फोटो काढताना लोकेशन चालू असेल, तर ती जागाही फाइलमध्ये नोंदलेली असते. त्यात गणवेशावर शाळेचा बिल्ला आणि फाइलला मुलीचं नाव व तुकडी. अनोळखी माणसाला आणखी काय हवं?

म्हणून "फोटो सुरक्षित आहेत ना?" असं मोघम विचारू नये. त्याला "हो" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारावं: ड्राइव्हचं खातं शाळेचं आहे की फोटोग्राफरचं? "Restricted" पर्याय कधीपर्यंत लावणार? फोटोग्राफरच्या हार्डडिस्कवरची प्रत कधी पुसणार? यातला शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो, आणि खरं तर तोच सर्वांत महत्त्वाचा. कारण शाळेने लिंक बंद केली, तरी त्या प्रतीवर तिचा काहीच परिणाम होत नाही. पालकांनी आधीच उतरवून घेतलेले फोटोही परत येत नाहीत.

विचारण्याला कायद्याचं पाठबळ आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, हा मूळ नियम आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले. संमतीचं हे बंधन लागू होण्यासाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. पण त्यासाठी शाळेने थांबून राहायचं कारण नाही.

पत्राच्या शेवटी एक साधी मागणी असावी: प्रवेशअर्जात कुठेतरी दडलेल्या एका ओळीऐवजी दोन वेगळे रकाने. वर्गातल्या पालकांपुरते फोटो चालतील का, आणि शाळेच्या फेसबुक पानावर चालतील का. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्या आईच्या मुलीला नाचातून वगळायचं नाही, हेही त्याच पत्रात लिहून मागावं.