निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी

मेलबॉक्समध्ये येणारे बैठकीचे निमंत्रण दिसायला साधे पत्र असते, पण त्याच्या पोटात `.ics` नावाची एक छोटी मजकूर-फाइल असते. आउटलुक, गूगल कॅलेंडर किंवा दुसरे कोणतेही दैनंदिनीचे सॉफ्टवेअर ही फाइल वाचते. तिचा नमुना १९९८ मध्ये ठरला, २००९ मध्ये सुधारला गेला आणि आज जवळपास सर्वत्र तोच चालतो. निमंत्रण स्वीकारावे की नाकारावे हे ठरवण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती त्या फाइलच्या आठ-दहा ओळींत असते. पत्राच्या मजकुरात लिहिलेली वेळ माणसासाठी असते. तपासणी करायची ती या ओळींची.

बेळगावात हे काम रोजचे झाले आहे. उद्यमबागेतील फाउंड्री आणि मशीन शॉपमधला माल परदेशी जातो. त्यांचा पत्रव्यवहार, ड्रॉइंग आणि ग्राहकांच्या बैठका सांभाळणारी माणसे पुष्कळदा जवळच्या टिळकवाडीत राहतात किंवा तिथल्याच कार्यालयांत बसतात. अशा एका कार्यालयाचे उदाहरण घेऊन सगळी प्रक्रिया नीट पाहता येते. दर मंगळवारी जर्मनीतील ग्राहकाबरोबर अर्ध्या तासाची बैठक आधीच ठरलेली आहे, असे धरू. ती तिकडच्या दुपारी अडीच वाजता सुरू होते. ऑगस्ट २०२६ च्या अखेरीस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दुसऱ्या ग्राहकाचे निमंत्रण येते. त्याच्या फाइलमधील महत्त्वाच्या ओळी अशा:

```
METHOD:REQUEST
SEQUENCE:0
DTSTART;TZID=America/New_York:20260908T090000
DTEND;TZID=America/New_York:20260908T094500
RRULE:FREQ=WEEKLY;COUNT=30
```

पहिली ओळ सांगते की हे निमंत्रण आहे. रद्द झाल्याची सूचना असती तर तिथे `CANCEL` असते. `SEQUENCE` म्हणजे निमंत्रणाची कितवी आवृत्ती ते; शून्य म्हणजे मूळ. त्याखाली सुरुवात आणि शेवट, तेही न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे. शेवटची ओळ सर्वांत वजनदार: ही एक बैठक नसून दर आठवड्याच्या तीस बैठका आहेत. ८ सप्टेंबर २०२६ च्या मंगळवारपासून ३० मार्च २०२७ च्या मंगळवारपर्यंत त्या चालतील.

दोन कामे एकमेकांवर येतात का, हे ओळखण्याचा नियम एका ओळीचा आहे:

```
start1 < end2  and  start2 < end1
```

पहिले काम दुसरे संपण्याआधी सुरू होत असेल आणि दुसरे काम पहिले संपण्याआधी सुरू होत असेल, तरच टक्कर. दोन्ही ठिकाणी ‘पेक्षा कमी’ हेच चिन्ह हवे, ‘कमी किंवा समान’ नको. `.ics` च्या नियमात शेवटचा क्षण बैठकीत धरला जात नाही. सहा ते साडेसहा आणि साडेसहा ते सव्वासात ही कामे एकमेकांना खेटून असली तरी त्यांची टक्कर नाही. चुकीचे चिन्ह वापरणारी तपासणी लागोपाठच्या बैठका विनाकारण नाकारत राहते. सलग कामे असलेल्या दिवशीच नकार वाढले, तर दोष बहुधा इथे असतो.

आता हा नियम टिळकवाडीच्या मंगळवारला लावून पाहावा. तुलना करण्याआधी सगळ्या वेळा एका घड्याळावर आणाव्या लागतात. सप्टेंबरमध्ये जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे असते, म्हणून तिकडचे अडीच म्हणजे इथले सहा. न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असते, म्हणून तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा. जर्मन बैठक सहा ते साडेसहा आणि अमेरिकी बैठक साडेसहा ते सव्वासात. ८ सप्टेंबरला टक्कर नाही. पुष्कळशा घाईच्या तपासण्या इथेच थांबतात, आणि माणूसही पहिली तारीख पाहून ‘स्वीकारा’ दाबून मोकळा होतो.

अडचण ऑक्टोबरच्या शेवटी येते. भारतात घड्याळ वर्षभर एकच असते. युरोप आणि अमेरिका मात्र हिवाळ्यासाठी घड्याळ एक तास मागे घेतात आणि तेही वेगवेगळ्या रविवारी. युरोपचा रविवार ऑक्टोबरातला शेवटचा, म्हणजे २५ ऑक्टोबर २०२६. अमेरिकेचा नोव्हेंबरातला पहिला, म्हणजे १ नोव्हेंबर. या दोहोंच्या मध्ये २७ ऑक्टोबरचा मंगळवार सापडतो. त्या दिवशी जर्मन बैठक भारतीय वेळेनुसार सातला सरकलेली असते, पण अमेरिकी बैठक अजून साडेसहालाच असते आणि सव्वासातपर्यंत चालते. सात ते सव्वासात ही पंधरा मिनिटे दोन्हीकडे मोजली जातात. पुढच्या मंगळवारी, ३ नोव्हेंबरला, अमेरिकी बैठक साडेसातला जाते, जर्मन बैठक सात ते साडेसात राहते आणि दोन्ही पुन्हा नुसत्या खेटून उभ्या राहतात. सगळा हिवाळा असाच निर्वेध जातो.

वसंतात हाच प्रकार उलट्या क्रमाने होतो. अमेरिका १४ मार्च २०२७ ला घड्याळ पुढे घेते, युरोप २८ मार्चला. म्हणून १६ आणि २३ मार्च हे दोन मंगळवार पुन्हा टकरीचे. तीसपैकी तीन बैठका अडतात, सत्तावीस मोकळ्या राहतात. हे समजण्यासाठी तीसही तारखा उलगडाव्या लागतात. प्रत्येक तारखेचा त्या त्या गावच्या घड्याळाशी मेळ घालून मगच ती भारतीय वेळेत आणावी लागते. पहिल्या दिवशीचे साडेतीन आणि साडेनऊ तासांचे फरक सगळ्या तारखांना लावले, तर २७ ऑक्टोबरची टक्कर दिसतच नाही. शिवाय नोव्हेंबरपासून अमेरिकी बैठक दैनंदिनीत एक तास आधी दिसू लागते. घड्याळ बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात कोणी एक तास आधीच बैठकीत येऊन बसले, तर रूपांतर असे ठोकळ झाले आहे असे समजावे.

टक्कर सापडली की काय करायचे, हा पुढचा प्रश्न, आणि सॉफ्टवेअरची ठरीव उत्तरे इथे कमी पडतात. आउटलुकच्या जुन्या संगणक आवृत्तीत टक्कर होणारे निमंत्रण आपोआप नाकारण्याची सोय आहे. आवर्तनाची सगळीच निमंत्रणे आपोआप नाकारण्याचीही आहे. एक्स्चेंज सर्व्हरवर बैठकीच्या खोलीला स्वतःचा मेलबॉक्स देता येतो आणि `Set-CalendarProcessing` या आज्ञेने तो स्वतःच होकार-नकार देऊ लागतो. आवर्तनात किती टकरी चालवून घ्यायच्या, याची मर्यादा तिथे `MaximumConflictInstances` आणि `ConflictPercentageAllowed` यांनी ठरते. दोन्हींची मूळ किंमत शून्य असते, त्यामुळे एका टकरीसाठी तीसही बैठका नाकारल्या जातात. खोलीच्या बाबतीत हे कडक वागणे एक वेळ चालते. ग्राहकाला गेलेला नकार मात्र त्या माणसाच्या नावाने गेलेला शब्द असतो, आणि सात महिन्यांच्या कामाला पंधरा मिनिटांसाठी दिलेला नकार समोरच्याला उमगत नाही.

योग्य वाट मधली आहे. `.ics` च्या नियमांत आवर्तनातील एखाद्या दिवसाला वेगळे उत्तर देता येते. `RECURRENCE-ID` ही ओळ उत्तर कोणत्या दिवसाचे ते सांगते. आवर्तन स्वीकारावे आणि तीन मंगळवार बाजूला काढावेत. नकारही न पाठवता त्या तीन दिवसांपुरती जर्मन बैठक पंधरा मिनिटे पुढे घेण्याचा प्रस्ताव ठेवला, म्हणजे तिकडच्या पावणेतीनला, तर सगळे बसते: अमेरिकी बैठक सव्वासातला संपते आणि जर्मन बैठक तेव्हाच सुरू होते. असा प्रस्ताव करायचा की नाही, कोणाला पंधरा मिनिटे थांबवायचे, हे ग्राहकाशी असलेला संबंध जाणणाऱ्या माणसानेच ठरवावे.

निमंत्रणाची दुरुस्ती येते तेव्हा वेगळी काळजी घ्यावी लागते. वेळ बदलली की नवी फाइल येते. तिचा `UID` जुनाच असतो आणि `SEQUENCE` वाढलेला असतो. तपासणीने त्याच `UID` ची जुनी नोंद वगळूनच तुलना करायला हवी. तसे केले नाही, तर साडेसहाची बैठक पावणेसातला सरकताच ती स्वतःच्याच जुन्या वेळेशी धडकते आणि नाकारली जाते. जुना होकार नव्या वेळेला लागू आहे असे धरणेही तितकेच धोक्याचे. वेळ बदलली की तपासणी पहिल्यापासून करावी.

दैनंदिनीत जे लिहिलेले नाही, ते कोणतीही तपासणी पाहू शकत नाही. तीन ते पाच निपाणीत काम असेल आणि सहाला बैठक असेल, तर नियमानुसार मधला तास मोकळा आहे. निपाणी ते बेळगाव पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. महामार्ग चांगला असला, तरी गावातून निघणे, शहरात शिरणे आणि वाटेत रेल्वे गेट पडलेले असेल तर तिथे थांबणे हे सगळे धरता तो तास पुरत नाही. प्रवासाची वेळ ‘व्यस्त’ म्हणून स्वतंत्र नोंदवणे हाच यावर उपाय. सुट्ट्यांचेही तसेच. सुट्ट्यांच्या नोंदी साधारणतः ‘मोकळा’ या खुणेने येतात, फाइलमध्ये ती खूण `TRANSP:TRANSPARENT` अशी असते आणि टकरीच्या मोजणीतून ती वगळली जाते. पाडवा मंगळवारी आला, तर दैनंदिनीत तो दिसेल आणि तरीही निमंत्रण स्वीकारले जाईल. सणाचा दिवस खरोखर मोकळा ठेवायचा असेल, तर तो हाताने ‘व्यस्त’ करावा लागतो.

टक्कर नाही एवढ्यावरून निमंत्रण योग्य ठरत नाही. पाठवणारा ओळखीचा आहे का, वेळ कामाच्या तासांत बसते का, आणि बोलावणे आवश्यक म्हणून आहे की ऐच्छिक, हेही पाहावे लागते. फाइलमध्ये `ROLE=OPT-PARTICIPANT` असेल तर उपस्थिती ऐच्छिक. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या निमंत्रणाला होकार किंवा नकार, काहीच पाठवू नये, कारण कोणतेही उत्तर गेले की हा पत्ता चालू आहे हे पाठवणाऱ्याला कळते. गूगल कॅलेंडरमध्ये ओळखीच्या व्यक्तींचीच निमंत्रणे दैनंदिनीत आपोआप येतील अशी निवड आहे. ती करून ठेवावी.

त्यामुळे आपोआप होकार कशाला द्यायचा याची हद्द लहानच ठेवणे बरे: ओळखीचा पाठवणारा, कामाचे तास, आवश्यक उपस्थिती आणि उलगडलेल्या एकाही तारखेला टक्कर नाही. रद्द झालेल्या बैठका आपोआप काढून टाकायलाही हरकत नाही, कारण त्याने जागा फक्त मोकळी होते. बाकीची निमंत्रणे, विशेषतः आवर्तनाची आणि टकरीची, उत्तर न देता बाजूला ठेवावीत आणि दिवसातून एकदा माणसाने पाहावीत. आपोआप नकार हा बैठकीच्या खोलीपुरताच ठेवावा.