पाच मिनिटांत एक कलिंगड

पहिल्या वर्षाचे तास सुरू झाले की अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या क्लबांचे प्रमुख वर्गावर्गांतून फिरू लागतात. तास संपायच्या आधी सरांकडून पाच मिनिटं मागून घ्यायची, फळ्यासमोर उभं राहायचं आणि मुलांना आपल्याकडे बोलवायचं. नाटकवाल्यांना पुरुषोत्तम करंडकाचं नाव घेतलं तरी पुरतं. कोडिंग क्लबवाल्यांची मात्र पंचाईत होते, कारण त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काही नसतं. मग ते प्लेसमेंटचे आणि पॅकेजचे आकडे सांगतात. मुलं ऐकतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जोडून घेतात आणि सरावाला येत नाहीत.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने केलेलं भाषण मला यापेक्षा सरस वाटलं. फळ्यावर तिने फक्त एक आकडा लिहिला, ८, आणि बोलायला लागली.

“आठ किलोचं कलिंगड आहे. दोन मित्रांना ते वाटून घ्यायचंय. अट एवढीच, की दोघांच्याही वाट्याला सम किलो यायला हवेत. जमेल? जमेल, चार-चार. आता मी वजन सांगणार नाही. एक ते शंभर किलोपर्यंत कितीही असेल. वाटणी जमत असेल तर YES, नाहीतर NO, एवढं सांगणारा प्रोग्रॅम लिहायचाय. काय तपासाल?”

मागून कुणीतरी म्हणालं, “वजन सम आहे का, ते.”

“दोन किलोचं कलिंगड?”

वर्ग गप्प झाला. दोन किलोचे तुकडे एक-एक किलोचेच होणार, किंवा एकाला दोन आणि दुसऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या एकाने सुचवलं, “मग चारने भाग जातो का बघायचं.” तिने सहा किलोचं कलिंगड पुढे केलं. त्याला चारने भाग जात नाही, पण दोन आणि चार अशी वाटणी होते. तुकडे सारखे हवेत असं तर कुणी म्हटलंच नव्हतं.

“हेच आम्ही दर शुक्रवारी साडेचार ते साडेसहा करतो,” ती म्हणाली. “तुम्ही उत्तर द्यायचं, आम्ही ते मोडणारं कलिंगड शोधायचं. लॅपटॉप नसला तरी चालेल, लॅबमध्ये मशिनं आहेत. वही-पेन मात्र आणा. प्रोग्रॅमिंग याआधी केलं नसेल तर पुढच्या बाकावर बसा.”

हा प्रश्न तिचा नाही. कोडफोर्सेस या स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंगच्या रशियन संकेतस्थळावर तो ‘4A’ या क्रमांकाने आहे आणि जगभरातले नवशिके बहुधा तिथूनच सुरुवात करतात. उत्तर असं:

```
w = int(input())
if w > 2 and w % 2 == 0:
    print("YES")
else:
    print("NO")
```

पाच ओळींचा हा प्रोग्रॅम शुक्रवारी पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना लिहिता येतो, तरीही तो पहिल्या फटक्यात पास होत नाही. यातली सर्वांत मोठी अडचण कॉलेजच्याच प्रॅक्टिकलमधून आलेली असते. तिथे शिकवलेलं असतं की वजन विचारण्याआधी पडद्यावर ‘Enter weight’ असं छापायचं, वापरणाऱ्याला कळलं पाहिजे. संकेतस्थळावर प्रोग्रॅम तपासायला माणूस नसतो. तिथला परीक्षक प्रोग्रॅम आधीच लपवून ठेवलेली वजनं एकेक करून देतो आणि छापून आलेला मजकूर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो. त्यात ‘Enter weight’ हे दोन शब्द जास्तीचे आले की उत्तर चूक. तर्क बरोबर, गणित बरोबर, आणि पडद्यावर `Wrong answer on test 1`. घरी एकटा बसलेला मुलगा इथे तासभर डोकं धरून बसतो. लॅबमध्ये शेजारचा सीनियर दहा सेकंदांत सांगतो, “अरे, ती ओळ काढ.”

त्या ओळीतला आकडाही वाचायला शिकावा लागतो. पहिल्याच चाचणीत फसलं तर बहुतेक वेळा छापण्यात किंवा प्रश्न वाचण्यात घोळ असतो, कारण पहिली चाचणी सहसा प्रश्नासोबत दिलेल्या उदाहरणाचीच असते. पुढे कुठेतरी फसलं तर एखादं दोन किलोचं कलिंगड सुटलंय. स्पर्धा चालू असताना ते कोणतं, हे संकेतस्थळ सांगत नाही. मग वहीत सर्वांत लहान आकडा, सर्वांत मोठा आकडा, सगळे सारखे आकडे असं हाताने करून बघायचं. वही-पेन आणायला सांगितलं ते यासाठी.

प्रश्न इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे बिचकतात, आणि उलट इंग्रजी माध्यमातली मुलं भराभर वाचून ‘तुकडे सारखे असण्याची गरज नाही’ हे वाक्य गाळतात. या क्लबात त्यावर एक साधी रीत आहे. कीबोर्डला हात लावण्याआधी प्रश्न शेजाऱ्याला मराठीत सांगायचा. सांगताना अडखळलात तिथे परत वाचायचं.

दोन-तीन आठवड्यांनी वेगळ्या जातीची ओळ भेटते, `Time limit exceeded`. उत्तर चुकलेलं नाही, पण वेळेत आलं नाही. एक लाख आकड्यांची यादी दिली आहे आणि त्यातल्या कोणत्या दोहोंची बेरीज ठरावीक संख्येइतकी होते का, हे सांगायचं आहे, असं धरा. सरळ उपाय म्हणजे प्रत्येक जोडी तपासणं. जोड्या होतात साधारण पाचशे कोटी. संगणक सेकंदाला ढोबळमानाने दहा कोटी साधी कामं उरकतो, म्हणजे पन्नास सेकंद लागणार. मुभा असते एक-दोन सेकंदांची.

फळ्यावर हे पाच आकड्यांनी सोडवून दाखवतात. यादी आधी चढत्या क्रमाने लावायची: ३, ८, ११, १४, २०. बेरीज हवी २२. एक बोट तीनवर, दुसरं वीसवर. तीन आणि वीस तेवीस, जास्त झाले. वीसला जोडीदार म्हणून सर्वांत लहान आकडा दिला तरी बेरीज वर जाते, म्हणजे वीसची जोडी कुणाशीच जमणार नाही. त्याला काढून टाका, बोट चौदावर. तीन आणि चौदा सतरा, कमी पडले. आता तीनला उरलेल्यांतला सर्वांत मोठा जोडीदार देऊनही पुरत नाही, म्हणून तीन बाद. आठ आणि चौदा बावीस, सापडले. प्रत्येक पावलाला एक आकडा कायमचा बाद होतो, त्यामुळे एक लाख आकड्यांना बोटांची पावलं लाखाच्या आतच. क्रम लावायला लागणारा वेळ धरूनही काम एका सेकंदात बसतं.

‘वीस काढून टाकला तर चालतं का?’ हा प्रश्न इथे कुणीतरी विचारायलाच हवा. कुणी विचारला नाही तर समजावं, मुलं युक्ती पाठ करताहेत. अशांना पुढच्या आठवड्यात ‘बेरीज’ऐवजी ‘वजाबाकी’ दिली की ती दोन बोटं पुन्हा दोन टोकांना ठेवतात आणि अडकतात. वजाबाकीसाठी दोन्ही बोटं एकाच टोकापासून चालवावी लागतात.

असे क्लब दिवाळीपर्यंत ओसरतात, ही तक्रार जुनी आहे. माझ्या मते त्याला मुलांचा आळस कमी आणि प्रमुखांची हौस जास्त कारणीभूत असते. दुसऱ्याच आठवड्यात ते स्वतःला आवडणारे अवघड प्रश्न फळ्यावर मांडतात. कोडफोर्सेसवर प्रत्येक प्रश्नाला काठिण्याचा आकडा असतो आणि तो ८०० पासून सुरू होतो. या मुलीने पहिले सहा आठवडे हजाराच्या वर जायचं नाही असं ठरवून टाकलं होतं, आणि तिचे वर्गमित्र त्यावर कुरकुरत होते.

भाषण संपल्यावर वर्गातून एकच प्रश्न आला. “ताई, अटेंडन्स मिळणार का?”

“नाही,” ती म्हणाली, आणि फळा पुसून पुढच्या वर्गाकडे निघाली.